तक्रार अर्जात 'जातिवाचक बोलले' एवढंच लिहिलंय, नेमकं काय आणि कसं लिहायचं?

कोरा_कागद (धागाकर्ती)

नमस्कार. तालुक्याच्या गावातल्या एका अनुदानित महाविद्यालयात मी नऊ वर्षं कनिष्ठ लिपिक आहे. शिष्यवृत्तीचं टेबल माझ्याकडे असतं. आम्ही बौद्ध. गेलं वर्षभर कार्यालयीन अधीक्षक येता-जाता जातीवरून बोलतात. आजवर सोडून दिलं, पण १८ नोव्हेंबरला त्यांनी केबिनमध्ये बोलावून जे शब्द वापरले ते मला गिळता आले नाहीत. प्राचार्यांना अर्ज द्यायचा ठरवलाय. जमलं नाही तर पोलिसांत जाईन. अर्जाचा मुख्य मजकूर असा लिहिलाय:

"वरील विषयास अनुसरून विनंती की, अधीक्षक मला वारंवार जातिवाचक बोलतात व अपमानास्पद वागणूक देतात. दि. १८ नोव्हेंबर रोजी त्यांनी केबिनमध्ये बोलावून जातिवाचक शिवीगाळ केली. त्यामुळे मला प्रचंड मानसिक त्रास झाला. तरी योग्य ती कारवाई व्हावी."

माझ्या भावाला हे ठीक वाटतं, पण माझं समाधान होत नाही. उद्या ते म्हणाले की मी असं काही बोललोच नाही, तर या अर्जात माझ्या बाजूने काय आहे? ज्यांनी असा अर्ज लिहिलाय किंवा हाताळलाय त्यांनी कृपया सांगा.

रणजित_७७

ताई, प्राचार्यांकडे जाऊच नका, ते त्यांचेच असतात. सरळ पोलीस ठाण्यात जा आणि अ‍ॅट्रॉसिटी दाखल करा. अटकपूर्व जामीन मिळत नाही, चौकशी न करता गुन्हा नोंदवावा लागतो. जातीवरून बोलला एवढं पुरतं, बाकी पोलीस बघतील.

जुना_पिंपळ

रणजित यांनी सांगितलेल्या दोन गोष्टी कायद्यात आहेत. कलम १८ प्रमाणे अटकपूर्व जामीन नाही आणि २०१८ च्या दुरुस्तीने आलेल्या १८ए प्रमाणे गुन्हा नोंदवण्याआधी प्राथमिक चौकशीची गरज नाही. पण "एवढं पुरतं" हे चूक आहे, आणि त्या चुकीपायी खऱ्या तक्रारी पडलेल्या मी पाहिल्यात. जिल्हा न्यायालयात बावीस वर्षं वकिली केली, अशा खटल्यांत फिर्यादीच्याही बाजूने उभा राहिलो आणि आरोपीच्याही. फिर्यादीत गुन्ह्याचे घटकच दिसत नसतील तर न्यायालय अटकपूर्व जामीनही देतं, आणि उच्च न्यायालय गुन्हा रद्दही करतं.

ताई, तुमच्या अर्जात घडलेली गोष्टच नाही, फक्त तुमचा निष्कर्ष आहे. 'जातिवाचक शिवीगाळ केली' हा निष्कर्ष वाचणाऱ्याने काढायचा असतो. तुम्ही त्याच्यासमोर शब्द, जागा आणि माणसं ठेवायची. आरोपीचा वकील पहिला प्रश्न विचारेल की शब्द कोणते होते. तुम्ही ते सहा महिन्यांनी पहिल्यांदा सांगितलेत तर तो म्हणेल, हे नंतर सुचलं.

मला एवढं सांगा. केबिनमध्ये कोण कोण होतं? दार उघडं की बंद? त्याआधीच्या 'वारंवार' मधली अशी एखादी घटना आहे का, जी इतरांनी ऐकली? आणि तुमची जात त्यांना कशी माहीत आहे? ते स्वतः कोणत्या प्रवर्गातले आहेत? मूळ शिवी इथे धाग्यावर लिहू नका. अर्जात मात्र पूर्ण लिहावी लागेल.

कोरा_कागद

काका, धन्यवाद. केबिनमध्ये आम्ही दोघंच होतो, दार लावलेलं. संध्याकाळी पाचनंतरची वेळ. शिष्यवृत्तीच्या यादीतल्या एका चुकीवरून सुरू झालं आणि जातीचं नाव घेऊन, पुढे एक शब्द जोडून ते बोलले. बाहेर बाकावर शिपाईमामा होते. त्यांनी ऐकलं का, मला माहीत नाही. मी रडत बाहेर आले तेव्हा त्यांनी पाणी दिलं.

आधीची घटना ४ नोव्हेंबरची. महाडीबीटीचे फॉर्म तपासायला मुलं खिडकीवर रांगेत होती. हे मागे येऊन उभे राहिले आणि मोठ्याने म्हणाले, "बघा, सरकारचे जावई बसलेत जावयांचेच फॉर्म भरायला. तुमच्या लोकांना फुकट खायचीच सवय." दोन मुली एकमेकींकडे बघायला लागल्या. एक मुलगा फॉर्म न देताच निघून गेला. पण यात जातीचं नाव नव्हतं, म्हणून मी ते अर्जात घेतलंच नाही.

माझी नेमणूक राखीव जागेवर आहे आणि सेवापुस्तक त्यांच्याच कपाटात असतं. ते खुल्या प्रवर्गातले आहेत.

एक_वाचक

मग सोपं आहे. शिपायाला सांगा की दार अर्धवट उघडं होतं आणि सगळं ऐकू आलं. शब्द तर खरेच उच्चारले गेलेत ना? साक्षीदाराशिवाय काही होत नाही, हे सगळ्यांना माहीत आहे.

जुना_पिंपळ

हे अजिबात करू नका. व्हरांड्यात कॅमेरा असेल तर दार बंद होतं हे पहिल्याच दिवशी दिसेल. नसला तरी उलटतपासणीत शिपाई पाच मिनिटं टिकणार नाही, कारण त्याला शब्द पाठ करवलेले असतील आणि त्यामागचं काहीच आठवणार नाही. त्या एका खोट्या ओळीने ४ नोव्हेंबरची खरी घटनाही बुडेल.

ताई, तुम्ही जी घटना गाळलीत तीच कायद्याच्या दृष्टीने जास्त भक्कम आहे. कारण सांगतो.

१९८९ च्या कायद्यात तुमच्या कामाची दोन पोटकलमं आहेत. ३(१)(एस) म्हणजे जातीचं नाव घेऊन शिवीगाळ. ३(१)(आर) म्हणजे अपमानित करण्याच्या हेतूने जाणूनबुजून केलेला पाणउतारा किंवा धमकावणं. यात जातीचं नाव उच्चारलं गेलंच पाहिजे असं नाही. दोन्हींत एक अट मात्र सारखी आहे: लोकांना दिसेल-ऐकू येईल अशा ठिकाणी ते घडलेलं असावं. जागा सरकारी की खाजगी हा मुद्दा नाही, तिथे लोक होते का हा मुद्दा आहे. २००८ मध्ये स्वर्णसिंग प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने हा फरक स्पष्ट केला.

जानेवारी २०२५ चा तमिळनाडूतला एक निकाल तर अगदी तुमच्या केबिनसारखा आहे. महसूल खात्यातल्या कर्मचाऱ्याला त्याच्या कार्यालयातच जातीवरून बोलल्याची फिर्याद होती. त्याच फिर्यादीप्रमाणे तीन सहकारी आत आले ते घटना घडून गेल्यावर. प्रसंग चार भिंतींत आणि लोकांच्या गैरहजेरीत घडला म्हणून सर्वोच्च न्यायालयाने कारवाई रद्द केली. मला तो निकाल वाचताना बरं वाटलं नाही, कारण वरिष्ठ नेमका दार लावूनच बोलतो. पण आज कायदा तिथे उभा आहे आणि अर्ज त्याच्याकडे बघूनच लिहायला हवा.

खिडकीबाहेरचे विद्यार्थी मात्र बाहेरचेच लोक. तिथे प्रश्न वेगळा येईल. अधीक्षक म्हणतील की 'सरकारचे जावई' मी सगळ्याच सरकारी नोकरांना म्हणतो. म्हणून 'तुमच्या लोकांना' हे शब्द आणि समोर कोणत्या शिष्यवृत्तीची रांग होती हे दोन्ही लिहिणं अत्यावश्यक आहे. अपमान जातीमुळेच झाला, हे त्या तपशिलातून दिसतं.

शाहीन_सोलापूर

माझा प्रश्न शाळेचा आहे, चालेल का? मुलगी सहावीत आहे. भारत-पाकिस्तान सामना झाला की दुसऱ्या दिवशी वर्गशिक्षिका तिला उभं करून विचारतात, "काय, काल तुमच्याकडे फटाके वाजले का?" मुलं तिला आता 'पाकिस्तानी' म्हणतात. आम्ही मुस्लिम आहोत, म्हणजे अ‍ॅट्रॉसिटीत येत नसणार. मग मी 'धार्मिक भावना दुखावल्या' असं लिहू का? सगळे तसंच लिहितात.

जुना_पिंपळ

ताई, तसं लिहू नका. मुस्लिम असूनही काही जण त्या कायद्यात येतात, कारण अनुसूचित जमातीला धर्माची अट नाही. तडवी भिल्ल हे त्याचं उदाहरण. २०१९ मध्ये मुंबईत गेलेल्या डॉ. पायल तडवींच्या प्रकरणात अ‍ॅट्रॉसिटीचं कलम लागलं ते त्यामुळेच. अनुसूचित जातीला मात्र हिंदू, शीख आणि १९९० पासून बौद्ध अशी धर्माची मर्यादा आहे.

तुमच्या प्रश्नाबद्दल. झारखंडमधल्या एका उर्दू अनुवादक कर्मचाऱ्याला 'मियाँ-तियाँ' आणि 'पाकिस्तानी' म्हटल्याचं प्रकरण फेब्रुवारी २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयात निकाली निघालं. बोलणं वाईट आहे, पण धार्मिक भावना दुखावण्याचा गुन्हा त्याने होत नाही, असं न्यायालयाने म्हटलं. म्हणजे 'भावना दुखावल्या' असं लिहिलंत तर तुम्ही तुमची बाजू अवघड जागी नेऊन ठेवता. घडलंय ते वेगळंच आहे. शिक्षिकेने एका मुलीला धर्मावरून वर्गापासून वेगळं काढलं आणि वर्गाने ते उचललं. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ मध्ये मुलांच्या मानसिक छळाला मनाई आहे. तुमची तक्रार तिथली आहे. आधी मुख्याध्यापक, मग शिक्षणाधिकारी, आणि दाद लागली नाही तर राज्य बालहक्क संरक्षण आयोग.

मीना_पुणे

शाहीनताई, मी कंपनीत मनुष्यबळ विभागात अकरा वर्षं तक्रारी वाचतेय. मुलीच्या बाबतीत एक काळजी घ्या. तिला "मॅडमनी तुझा अपमान केला ना?" असं विचारू नका. "काल वर्गात काय झालं?" एवढंच विचारा आणि ती सांगेल ते तिच्याच भाषेत उतरवून घ्या. ती "मॅडम हसल्या आणि मग सगळे हसले" म्हणाली तर तेच लिहा. 'शिक्षिकेने उपहासात्मक हास्य केले' असं केलंत की ते तुमचं होतं, तिचं राहत नाही. नंतर कोणी तिच्याशी बोललं तर ती वेगळे शब्द वापरेल आणि शाळा म्हणेल, बघा, पालकांनी पढवलंय.

किती वेळा झालं तेही लिहा. प्रत्येक वेळची तारीख आठवत नसेल तर "अमुक सामन्याच्या दुसऱ्या दिवशी, दुसऱ्या तासाला" असं लिहिलंत तरी तारीख शोधता येते. आणि त्यानंतर काय बदललं? शाळेत जायला नको म्हणते, डबा एकटी खाते, बाक बदलून मागितला. 'मानसिक त्रास झाला' या तीन शब्दांऐवजी हे लिहा.

गोदातीर

माझंही असंच झालंय. आम्ही कैकाडी. कारखान्यात सुपरवायझर चारचौघांत जातीवरून शिवी देतो, पंधरा माणसांनी ऐकलंय. ठाण्यात गेलो तर म्हणाले अ‍ॅट्रॉसिटी होत नाही, एनसी घ्या. मी नाशिक जिल्ह्यातला. माझा मामेभाऊ अमरावतीला आहे, त्याची अ‍ॅट्रॉसिटी घेतली होती. एकाच जातीला दोन न्याय कसे? पोलिसांनी पैसे खाल्ले का?

निवृत्त_हवालदार

दादा, यात पैशाचा संबंध दिसत नाही. कैकाडी समाज विदर्भातल्या जिल्ह्यांत अनुसूचित जातीच्या यादीत आहे आणि उरलेल्या महाराष्ट्रात विमुक्त जातीत. हा कायदा फक्त अनुसूचित जाती आणि जमातीसाठी. तुमचा राग खरा आहे, पण ठाणे अंमलदार दाखला बघूनच कलम लावणार.

एनसी म्हणजे अदखलपात्र नोंद. शिवीगाळीला आता भारतीय न्याय संहितेचं कलम ३५२ लागतं, पूर्वीचं ५०४. मॅजिस्ट्रेटच्या आदेशाशिवाय पोलीस त्यात तपास करू शकत नाहीत. धमकी दिली असेल, अंगावर हात टाकला असेल तर ते वेगळं सांगा. तसं झालं असेल तरच सांगा. पंधरा जणांनी ऐकलंय तर कंपनीकडे लेखी तक्रार त्यांच्या सह्यांनिशी द्या. तुमच्या बाबतीत तीच जास्त कामाची.

धागाकर्त्या ताईंना एक सांगतो. तीस वर्षं ठाण्यात काढली. तुम्ही तोंडी सगळं सांगता, शब्द न् शब्द. लिहिणारा अंमलदार मात्र सवयीने टाइप करतो: 'जातिवाचक शिवीगाळ करून जिवे मारण्याची धमकी दिली.' त्याच्या बोटांत ते वाक्य बसलेलं असतं. कधी घाई असते, कधी घाण शब्द लिहायला संकोच वाटतो. तुम्ही सही करता आणि तीच फिर्याद होते. तेव्हा घरून लिहून न्या आणि 'हे जसंच्या तसं घ्या' म्हणा. सही करण्याआधी वाचून दाखवायला सांगा. वाचून दाखवणं आणि प्रत देणं हे त्यांचं कर्तव्य आहे. याच कायद्याच्या कलम ४ मध्ये ते आहे, आणि ते टाळणाऱ्या अधिकाऱ्याला शिक्षाही आहे. न झालेली धमकी त्यात टाइप झाली असेल तर ती काढायला लावा. ती तुमच्या फायद्याची वाटते, पण पुढे तीच आड येते.

कोरा_कागद

दादा, हे कोणी सांगितलंच नव्हतं. मी तर पोलीस नीट लिहितील म्हणून माझा अर्ज छोटा ठेवला होता.

काका, अजून एक. या वर्षीच्या गोपनीय अहवालात त्यांनी माझ्याबद्दल वाईट शेरा लिहिलाय. तोही जातीमुळेच. तो अपमान म्हणून घालू का?

जुना_पिंपळ

घाला, पण अपमान म्हणून नको. २०१८ चा गाजलेला महाजन निकाल आठवा. त्याची सुरुवात कराडच्या एका औषधनिर्माणशास्त्र महाविद्यालयातल्या कर्मचाऱ्याच्या गोपनीय अहवालातल्या शेऱ्यापासूनच झाली होती. त्या निकालाने या कायद्याखालच्या अटकेवर आणि गुन्हा नोंदवण्यावर बंधनं घातली, देशभर आंदोलन झालं, संसदेने १८ए आणलं आणि २०१९ मध्ये न्यायालयाने स्वतःचे ते निर्देश मागे घेतले. तरीही नुसत्या प्रतिकूल शेऱ्यात जातीचा अपमान दिसत नाही, ही अडचण तशीच आहे. म्हणून शेरा स्वतंत्र परिच्छेदात लिहा. तारीख, शेऱ्यातले शब्द आणि आधीच्या वर्षांचे शेरे काय होते तेवढं. कारण काय असावं याचा तर्क लिहू नका. आधीची आठ वर्षं 'चांगला' असेल आणि याच वर्षी बदललं असेल तर वाचणाऱ्याला ते दिसेल.

आता मी मसुदा मांडतो. नावं आणि मूळ शिवी तुम्ही भरा. वेळ, मुलांची संख्या असे तपशील मी अंदाजाने घातलेत, ते तुम्हाला आठवतं तसे बदला.

"मी अनुसूचित जातीची (बौद्ध) असून जातीच्या दाखल्याची प्रत जोडली आहे. अधीक्षक श्री. … हे माझ्या माहितीप्रमाणे अनुसूचित जाती किंवा जमातीचे नाहीत. माझी नेमणूक राखीव जागेवर झाली असून माझे सेवापुस्तक त्यांच्या ताब्यात असते, त्यामुळे माझी जात त्यांना माहीत आहे.

दि. ४ नोव्हेंबर रोजी दुपारी साधारण सव्वाबारा वाजता मी शिष्यवृत्तीच्या खिडकीवर काम करत होते. खिडकीबाहेर अनुसूचित जातीच्या शिष्यवृत्तीचे फॉर्म घेऊन पाच-सहा विद्यार्थी रांगेत उभे होते. श्री. … माझ्या खुर्चीमागे येऊन उभे राहिले व बाहेर ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, 'बघा, सरकारचे जावई बसलेत जावयांचेच फॉर्म भरायला. तुमच्या लोकांना फुकट खायचीच सवय.' रांगेतील एक विद्यार्थी फॉर्म न देता निघून गेला. त्या वेळेत फॉर्म दिलेल्या विद्यार्थ्यांची नोंद खिडकीवरील नोंदवहीत आहे.

दि. १८ नोव्हेंबर रोजी सायंकाळी पाच वाजून गेल्यावर त्यांनी मला केबिनमध्ये बोलावले. दार बंद होते. आत आम्ही दोघेच होतो. यादीतील चुकीबद्दल बोलताना ते म्हणाले, '…'. पुढचे त्यांचे शब्द मला तंतोतंत आठवत नाहीत, पण नोकरी जातीमुळे मिळाली, अशा अर्थाचे ते होते. मी बाहेर आले तेव्हा शिपाई श्री. … बाकावर बसले होते. आतील बोलणे त्यांनी ऐकले किंवा नाही, हे मला माहीत नाही. मी रडत असल्याचे त्यांनी पाहिले व मला पाणी दिले."

पहिला परिच्छेद कोरडा वाटेल, पण तो गाळू नका. आरोपी अनुसूचित जाती-जमातीचा नाही हे फिर्यादीत यावं लागतं. २००८ मध्ये पेंटय्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने गुन्हा रद्द केला त्यात ही त्रुटीही होती. जात माहीत असण्याबद्दल २०१५ च्या दुरुस्तीने तुमच्या बाजूने एक गृहीतक आलंय. आरोपी तुम्हाला किंवा घरच्यांना व्यक्तिशः ओळखत असेल तर त्याला जात माहीत होती असं न्यायालय धरून चालतं. तरी सेवापुस्तकाची ओळ राहू द्या.

'ऐकले किंवा नाही, हे मला माहीत नाही' हे वाक्य काढून टाका असं तुम्हाला पाच जण सांगतील. मी ते मुद्दाम ठेवलंय. जी बाई स्वतःच्या विरुद्ध जाणारी गोष्टही लिहिते, तिच्या बाकीच्या ओळींवर न्यायाधीशाचा विश्वास बसतो.

रणजित_७७

काका, मग १८ तारखेची घटना घालायचीच कशाला? कायद्यात बसत नाही म्हणता.

जुना_पिंपळ

फौजदारी कलमात ती एकटी बसणार नाही. पण प्राचार्यांना आणि संस्थेला शिस्तभंगाची कारवाई करायला लोकांसमोर घडल्याची अट लागत नाही. वरिष्ठ कर्मचाऱ्याने हाताखालच्या बाईला असं बोलणं ही बंद दाराआडही गैरवर्तणूकच. शिवाय ४ तारखेला 'जावई' म्हणताना त्यांच्या मनात काय होतं, ते १८ तारखेचे शब्द सांगतात. एकच घटनाक्रम दोन्हीकडे द्यायचा, प्राचार्यांना एक आणि पोलिसांना दुसरा असं करायचं नाही. दोन कागदांत वेळ जरी वेगळी पडली तरी तीच ओळ खटल्यात वाचली जाते.

निवृत्त_हवालदार

शिपायाबद्दल मात्र माझं मत थोडं वेगळं आहे. त्याने ऐकलं असेल आणि तो तसं स्वतःहून सांगेल, तर केबिनही लोकांसमोर झाली असं आमचे साहेब धरायचे.

जुना_पिंपळ

धरता येईल, आणि समोरचा वकील म्हणेल की त्याच कार्यालयातला सहकारी म्हणजे 'लोक' नव्हेत. सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये नातेवाईक आणि मित्र पुरत नाहीत असं म्हटलंय. सहकाऱ्यांबाबत दोन्ही बाजूंनी युक्तिवाद होतात. कार्यालयाच्या व्हॉट्सअ‍ॅप गटाचंही तसंच, उच्च न्यायालयांचा सूर एक नाही. म्हणून माझा भर खिडकीवर.

मीना_पुणे

कोरा_कागद, १८ तारखेच्या रात्री तुम्ही कोणाला फोनवर किंवा मेसेजमधून सांगितलं होतं का?

कोरा_कागद

हो, बहिणीला. तो शब्दही लिहिला होता. पण वाचून मलाच कसंतरी झालं आणि माझ्या फोनमधून मी ते पुसलं.

मीना_पुणे

बहिणीच्या फोनमध्ये असेल. तिला सांगा, काही पुसू नकोस, फोन बदलू नकोस. नुसता स्क्रीनशॉट पुरत नाही, मूळ संवाद त्या फोनमध्ये राहायला हवा. न्यायालयात देताना साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र लागतं, पूर्वी ते ६५बी होतं. त्याच रात्री लिहिलेला तो मेसेज म्हणजे शब्द नंतर सुचले नाहीत याचा पुरावा आहे.

जुना_पिंपळ

अगदी बरोबर. मसुद्यात एक ओळ वाढवा: "त्याच रात्री मी हे शब्द माझ्या बहिणीला मेसेजने कळवले, तो तिच्या फोनमध्ये आहे." तुमचा स्वतःचा पुसलाय हेही विचारल्यावर लपवू नका. आणि उशीर का झाला ते एका वाक्यात लिहा. नोकरी जाईल या भीतीने, घरच्यांशी बोलून, जे खरं असेल ते.

शाहीन_सोलापूर

मीनाताईंनी सांगितलं तसं मुलीला विचारलं. तिने जे सांगितलं त्यात मला माहीत नसलेली एक गोष्ट निघाली. हजेरी घेताना बाई तिचं आडनाव घेत नाहीत, 'ती पलीकडची' म्हणतात. मी आतापर्यंत फक्त सामन्याचं लिहीत होते. आता दोन्ही तिच्याच शब्दांत लिहिलंय. मुख्याध्यापकांनी कागद घेतला, पण पोच द्यायला नकार दिला.

निवृत्त_हवालदार

हाच कागद स्पीड पोस्टाने पोचपावतीसह पाठवा, आणि वर लिहा की अमुक तारखेला समक्ष दिला होता, पोच मिळाली नाही. पोलिसांनी गुन्हा घेतला नाही तरी हीच वाट. मजकूर पोस्टाने पोलीस अधीक्षकांना पाठवायचा, तिथेही काही झालं नाही तर मॅजिस्ट्रेट. अ‍ॅट्रॉसिटीसाठी १४५६६ ही राष्ट्रीय हेल्पलाइन आहे, तिथली नोंदही ठेवा.

गोदातीर

माझ्याकडे पंधरांपैकी चार जणच सही करायला तयार आहेत. बाकीचे म्हणतात तोंडी सांगू. चारांवर तक्रार दिली तर चालेल का?

जुना_पिंपळ

चालेल. बाकीच्या अकरांची नावं 'हजर होते' म्हणून लिहा, 'सांगायला तयार आहेत' असं लिहू नका. कुठे कोण उभं होतं तेही लिहा, म्हणजे चौकशी करणाऱ्याला त्यांना बोलवावंच लागेल.

कोरा_कागद

काल अर्ज दिला. साडेतीन पानं झाली. शिवी पूर्ण लिहिली, हात थरथरत होता. आवक लिपिक माझीच मैत्रीण आहे. वाचून ती गप्प झाली, मग शिक्का मारून क्रमांक टाकला आणि माझी प्रत मला दिली. प्राचार्य म्हणाले, "पोलिसांत जाण्याआधी मला आठ दिवस द्या." मी हो म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही.

नोंदवहीत ४ तारखेच्या त्या वेळेत चार विद्यार्थ्यांची नावं आहेत. त्यातली एक मुलगी आज स्वतःहून खिडकीवर आली आणि म्हणाली, "मॅडम, त्या दिवशीचं मला आठवतंय." तिचं अजून शेवटचं वर्ष बाकी आहे आणि अंतर्गत गुण याच कार्यालयातून जातात. तिला साक्षीला ये म्हणायचं की नाही, हे मला ठरवता येत नाहीये. शिपाईमामा कंत्राटी आहेत. त्यांना मी काही विचारलेलं नाही.

जुना_पिंपळ

मुलीला काही म्हणू नका, आग्रहही नको आणि मनाईही नको. तुम्ही तिच्याशी बोललात की उद्या 'पढवलेली साक्षीदार' हा शब्द तयार आहे. नाव नोंदवहीत आहे, तपासणारा तिच्यापर्यंत जाईल. तेव्हा आई-वडिलांसोबत तिने ठरवावं. याच कायद्याच्या कलम १५ए मध्ये साक्षीदारांच्या संरक्षणाची तरतूद आहे, ती तिच्या गुणांच्या बाबतीत किती कामी येईल याची खात्री मी देऊ शकत नाही. त्या नोंदवहीच्या पानाचा फोटो मात्र आजच काढून ठेवा आणि वही आहे तिथेच राहू द्या.

कोरा_कागद

फोटो काढला. वही कपाटात आहे, किल्ली त्यांच्याकडे.

निवृत्त_हवालदार

मग प्राचार्यांना आजच दोन ओळींचं पत्र द्या: 'अर्जात नमूद केलेली ४ नोव्हेंबरची खिडकीची नोंदवही आपल्या ताब्यात घेऊन सुरक्षित ठेवावी.' त्यावरही आवक क्रमांक घ्या. आठ दिवसांची वाट बघू नका.